निकालावरची पट्टी

माझ्या हातून कापड वाया जात नाही आणि माझ्या तोंडून गुपित फुटत नाही. कुपवाडमध्ये कुणालाही विचारा. निम्म्या कुपवाडच्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत, पण कुणाची कंबर किती वाढली हे दुसरीला कधी कळलेलं नाही. त्यामुळे शनिवारी सबीनाचा मलकापूरहून फोन आला आणि ती म्हणाली, "अम्मी, एक काम हाय, जमंल का?" तेव्हा मला रागच आला. जमंल का म्हणजे काय?

सबीना माझी मुलगी. सांगलीच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळते, उजव्या कोपऱ्यात. मलकापूरला तिची फायनल झाली होती, समोर साताऱ्याचा संघ. तिचे अब्बा, म्हणजे आमचे हुसेन, तेव्हा कारखान्यात सेकंड शिफ्टला होते, फोन गेटवरच्या लॉकरमध्ये.

"अब्बांना निकाल सांगू नगंस," सबीना म्हणाली. "त्यास्नी म्याच दाखव. आदी म्याच, मग निकाल."

मी म्हटलं, एवढंच ना? मग ती म्हणाली, "अम्मी, अब्बांनी मला एकदा बी खेळताना बघितलं न्हाई. फकस्त इचारत्यात, जिंकली का हारली. जिंकली म्हटलं की म्हणत्यात, झालं की, आता काय बघायचं. आन हारली म्हटलं की म्हणत्यात, मग कशाला बघायचं."

तिचं काही खोटं नव्हतं. हुसेन कारखान्यात चेकर आहेत. हातात गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी. एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट, माल या पेटीत नाही तर त्या पेटीत. वर्षानुवर्षं हेच केलं की माणूस घरीही गेज घेऊन येतो. भाजी केली की खारट आहे का नाही, एवढंच. पोरीचा रिझल्ट लागला की पास का नापास, एवढंच. माणूस वाईट नाही हो. माझ्या मशीनला तेल घालायचं मला कधी सांगावं लागत नाही. पण बघत नाही. नुसतं विचारतो.

"तू ये निवांत," मी सबीनाला म्हटलं. "तुजं अब्बा म्याच बघत्यात म्हंजी बघत्यात."

संघ रात्री मलकापुरातच राहणार होता, ती रविवारी दुपारी यायची होती. ते बरंच होतं. तिचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी, दारातूनच निकाल वाचता आला असता.

तो सामना आमच्याच गल्लीतल्या मुकुलने दाखवला होता. लग्नाचं शूटिंग करतो, आणि स्पर्धा असल्या की यूट्यूबवर लाइव्ह लावतो. रविवारी सकाळी उठल्याउठल्या त्याच्या स्टुडिओत गेले.

"मुकुल, म्याच पायजे. पर त्याच्यावरचा स्कोअर काढून दे."

मुकुल हसला. "काकी, गुणांची पट्टी लाइव्ह चालू असतानाच चित्रात मिसळली. आता निघत न्हाई. पापड लाटल्यावर त्यातलं मीठ काढता येतंय व्हय?"

"मग यूट्यूबवर लावू?"

"आजिबात नगा. तितं मी जिंकलेल्या टीमचा ढालीसकट फोटू लावलाय. खाली लोकांनी काय काय लिवलंय. म्याच चालू व्हायच्या आदीच सगळं कळंल." तो विचार करून म्हणाला, "पेनड्राइव्हवर देतो. त्येच्यात नुसता म्याच. पट्टी मातर ऱ्हाणार."

मग मी त्याच्याच कॉम्प्युटरवर सगळा सामना पळवत पळवत बघून घेतला. कापड बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. पट्टी पडद्याच्या तळाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. डावीकडे सांगलीचे गुण, उजवीकडे साताऱ्याचे, आणि मधोमध घड्याळ. मैदानावरचा गुणफलक कॅमेऱ्याच्याच बाजूच्या टेबलावर होता, त्यामुळे तो कुठे दिसत नव्हता. पण कॉमेंट्रीवाला दर चढाईला गुण ओरडत होता, आणि मध्यंतराला मुकुलने पूर्ण पडद्यावर मोठ्या अक्षरात स्कोअर लावला होता. म्हणजे भोकं तीन. पट्टी, आवाज आणि मध्यंतर. शेवटही मी बघितला. काय झालं ते मला ठाऊक होतं आणि आहे.

"आन किती म्याच ऱ्हायलाय ते टीव्हीवर दिसतंय की," मी म्हटलं. "त्येच्यावरनं कळंल?"

"न्हाई कळत. म्याचनंतर बक्षीस समारंभ हाय, सगळ्यांची भाषणं हायत. लय लांबलंय. शेपूट बघून म्हशीचं दूध कळत न्हाई, काकी."

घरी येऊन मी टीव्हीचं माप घेतलं आणि ब्लाउजचे नमुने कापायच्या जाड तपकिरी कागदाची एक लांब पट्टी कापली. टीव्हीच्या काचेला चिकटवली तर काच खराब होते, म्हणून चिकटपट्टी दोन्ही बाजूंच्या चौकटीवर लावली. आणि मधोमध घड्याळाच्या जागी एक काज कापलं. वेळ दिसली पाहिजे, गुण दिसता कामा नयेत. वेळ नसेल तर कबड्डीत मजा काय? काज असं नेमकं बसलं की पेनड्राइव्ह लावून बघितला तर काजातून घड्याळ बटणासारखं बाहेर डोकावत होतं. स्वतःचं काम बघून मी खूश झाले, लपवत नाही.

हुसेन उठले. रात्री शिफ्टवरून उशिरा येऊन ते तसेच झोपले होते, आणि त्यांचा फोन मी आधीच पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. चहा हातात घेतला आणि पहिला प्रश्न तोच.

"काय झालं? जिंकली का?"

"म्याच हाय टीव्हीवर. बघा."

"अगं पर झालं काय?"

"बघा की."

"आन हे काय? टीव्हीला परकर नेसवलाय व्हय?"

"मुकुलच्या पट्टीत बिघाड हाय. डोळ्याला तरास हुतोय," मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं. पण अस्तर दिसत नाही म्हणून कुणी त्याला खोटं म्हणत नाही.

आवाज बंद ठेवून सामना लावला. दहा मिनिटं ते कुरकुरले. मग बोटं मोडायला लागले. मी शेजारी काजबटण करत होते, तिरप्या नजरेने बघितलं, तर गडी गुण मोजत होता. कागदाने काय होतंय? सांगलीचे डाव्या हातावर, साताऱ्याचे उजव्या हातावर. शेवटी चेकरच तो.

"तुमी मोजा," मी म्हटलं. "पर मला कबड्डीतलं काय कळत न्हाई. आपली पोरगी कुटं हाय तेवडं सांगा."

"ती बघ की. उजव्या कोपऱ्यात. आपल्या बाजूला."

सबीना कॅमेऱ्याच्या जवळच्या कडेला होती. तिचे पाय माझ्या कागदाखाली जात होते. नुसती कमरेपासून वर दिसत होती. हात पुढे, मान खाली, साखळीतल्या शेजारणीचं बोट धरून.

"पाय दिसंना," हुसेन चिडले. "कोपऱ्यातल्या माणसाचं सगळं पायात असतंय. तू कागद जरा खाली घे."

"न्हाई."

"अगं बोटभर."

"बोटभरानं स्कोअर दिसतोय. हात बघा तिचं."

मग ते हात बघायला लागले. समोरची चढाईवाली आत यायची, सबीना अर्धं पाऊल पुढे झुकायची, आणि चढाईवाली परत फिरायची. पुन्हा आत. पुन्हा मागे. तीस सेकंद संपले की मध्यरेषेकडे पळायची.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. रिकामी चढाई. गुण न्हाई कुणालाच." बोट तसंच उभं राहिलं, मोडलं नाही. मग स्वतःशीच म्हणाले, "पर ती आत का आली न्हाई? बोनसचा गुण घ्यायला जागा हुती."

"तुमीच सांगा."

त्यांनी रिमोट घेतला, मागे नेलं, पुन्हा बघितलं. मी वर बघितलं नाही. शिवण चालू ठेवली.

मध्यंतर आलं. मला जागा ठाऊक होती. शिवायला आलेला एक घेरदार घागरा घेऊन मी टीव्हीसमोर उभी राहिले, जणू उजेडात टाके बघतेय. हुसेन म्हणाले, "सरक की." मी म्हटलं, "मध्यंतर हाय, काय पळून चाललंय?" दुसरा डाव लागला तेव्हा घागरा खाली घेतला. अगदी वेळेवर. कारागिरी कारागिरी म्हणतात ती हीच.

दुसऱ्या डावात संघांनी अंगण बदललं आणि सबीना पलीकडच्या कडेला गेली. आता ती नखशिखांत दिसायला लागली. हुसेन खुर्चीतून पुढे सरकले. तेवढ्यात दारात आकारामभाऊ.

आकारामभाऊ आमचे शेजारी. मूळचे साताऱ्याकडचे, घराच्या मागे एक म्हैस पाळून आहेत. सगळ्या गल्लीला मी सकाळीच दम दिला होता, पण हे मलकापूरला सामना बघायला गेले होते आणि नुकतेच एसटीतून उतरले होते. हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

"हुसेनभाई, तोंड गोड करा! काय म्याच झा—"

"म्हस व्याली व्हय!" मी एवढ्या जोरात ओरडले की हातातली सुई पडली.

आकारामभाऊंनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मग टीव्हीकडे, मग कागदाकडे. माणूस समजूतदार, पण वेंधळा.

"व्हय... व्याली," ते म्हणाले. "काल व्याली. म्हणून पेढं."

हुसेननी सामना थांबवला. हळूच वळून बघितलं.

"आकाराम, म्हस व्याल्यावर खरवस देत्यात. पेढं कवापास्नं द्यायला लागलास?"

चूक माझीच होती. म्हशीऐवजी नातू झाला म्हटलं असतं तर निभलं असतं. घाईत कापलं की कापड तोकडं पडतंच.

हुसेन उठले. चेहऱ्यावर हसू. "म्हंजी जिंकली. झालं की." आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "येतो जरा चौकातनं."

बस. तेच शब्द. टीव्हीवर सबीना ओणवी होऊन तशीच थांबलेली, आणि बाप निघाला चौकात. मी उठून दारात उभी राहिले.

"आकारामभाऊ," मी म्हटलं, "तुमी कुणाच्या बाजूनं ओरडायला गेला हुता?"

"मी? मी तर सातारकर, भाभी. आमच्या भाचीची नणंद हाय की त्या टीममदी."

"आन पेढं कुटलं?"

"कंदी. कराडच्या स्टँडवर घेतलं."

"ऐकलं?" मी हुसेनना म्हटलं. "सातारकरानं सातारी पेढं आणल्यात. आता सांगा, कोण जिंकलं?"

हुसेन थांबले. पेढ्यांकडे बघितलं, आकारामभाऊंकडे बघितलं. "आकाराम, खरं सांग. ह्ये पेढं कशाचं?"

आकारामभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "पेढं... खव्याचं हायत." आणि पुडा कट्ट्यावर ठेवून सटकले. शेजारी असावा तर असा.

"हारली व्हय मग?" हुसेनचा आवाज उतरला. किल्ली हातातच होती. मग ते तडक टीव्हीकडे गेले आणि कागदाचं टोक धरलं. "बगूनच टाकतो एकदा. म्हंजी जीवाला घोर न्हाई."

आणि मला जो राग आला तो आला. मुलीच्या वाटचा आला, माझ्या वाटचा आला, इतक्या वर्षांचा आला.

"काढा," मी म्हटलं. "काढा की. त्याच्याखाली दोन आकडं हायत, ते बघा आन जावा चौकात. पर एक ऐका. तुमच्या पोरीनं मला फोन करून सांगितलंय, अब्बांना निकाल सांगू नगंस. का, म्हाईत हाय? तुमी तिला एकदा बी खेळताना बघितलं न्हाई म्हणून. तुमी पोरीला इचारतच न्हाई, निकालाला इचारताय. ती काय तुमच्या गेजानं तपासायचा माल हाय का, पास न्हाईतर रिजेक्ट?"

कागदाचं टोक त्यांच्या चिमटीत तसंच.

"मला कबड्डीतलं काय कळत न्हाई," मी म्हटलं. आता माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. "तुमाला कळतंय. तुमी पोरपणी खेळलाय. मग तिला बगणार कोन? मी?"

हुसेननी कागद सोडला. तळव्याने चिकटपट्टी परत चौकटीवर दाबून बसवली. किल्ली खुंटीला लावली आणि खुर्चीत बसले. रिमोट मात्र लगेच दाबला नाही. थांबलेल्या चित्रातल्या सबीनाकडे बराच वेळ बघत राहिले.

"पाय बग तिचा," ते म्हणाले. "मागचा पाय टाचेवर न्हाई, चवड्यावर हाय. ह्ये कुणी शिकवलं हिला?"

मला कुठलं ठाऊक? मी शेजारी बसले. शिवण घेतली नाही.

मग सामना बघितला तो खरा. साताऱ्याची ती उंच चढाईवाली चांगलीच होती. पण सबीनाच्या कोपऱ्यात ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा तशीच परत गेली. रिकामी. "आता तिसरी," हुसेन मला सांगायला लागले. "दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतोय, न्हाईतर चढाईवालीच बाद. आता ही घाबरलीया. घाबरवलंय कुणी? आपल्या पोरीनं. आन फलकावर काय हाय त्याचं? शून्य! त्या दोन चढायांचं कुटंच काय लिवलेलं न्हाई!"

तिसऱ्या चढाईला ती उंच मुलगी आत घुसली, पाय टाकला, आणि सबीना सुटली. घोटा धरला तो दोन्ही हातांनी. बाकीच्या वरून पडल्या. हुसेन उभे राहिले. इतके जोरात ओरडले की बाहेरून आकारामभाऊंनी विचारलं, "काय झालं वो?" ज्याने सामना प्रत्यक्ष बघितला, तो आम्हाला विचारत होता!

"किती झालं आता?" मी मुद्दाम विचारलं.

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. बोटं सगळी उघडी होती.

"मोजायचं ऱ्हायलंच की," ते म्हणाले. आणि हसले.

काजातलं घड्याळ शेवटच्या मिनिटात आलं. साताऱ्याची चढाई. तीच उंच मुलगी रेषेवर उभी, आणि सांगलीच्या अंगणात तिघी उरलेल्या. त्यांत कोपऱ्यात सबीना. तेवढ्यात फाटक वाजलं.

हुसेननी सामना थांबवला.

सबीना दारात उभी. खांद्यावर बॅग, घोट्याला पट्टी. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. मग तिने बापाकडे बघितलं. रोजच्या प्रश्नाची वाट बघत उभी होती. उत्तर ओठावर घेऊन आली होती, मला दिसत होतं. चांगलं असो, वाईट असो, एका शब्दाचं उत्तर.

"अब्बा—"

"गप," हुसेन म्हणाले. "निकाल सांगू नगंस. एक चढाई ऱ्हायलीया." आणि शेजारची खुर्ची ओढली. "बस हितं. त्याच्या आदी मला ह्ये सांग, त्या दोन चढायांला हात का घातला न्हाईस? घोटा हाताशी हुता."

सबीनाची बॅग खांद्यावरून खाली आली.

"ती फसवत हुती, अब्बा," ती म्हणाली. "मुद्दाम पाय पुढं देत हुती. धरला असता तर वरनं उडी मारून गेली असती. म्हटलं, थांबावं. तिसरीला यावंच लागंल तिला."

"मला तेच वाटलं," हुसेन म्हणाले. "तुज्या अम्मीला मी तेच सांगत हुतो. इचार तिला."

पोरगी रडायला लागली. बसली आणि रडायलाच लागली. हुसेन घाबरले. त्यांना वाटलं घोटा दुखतोय. मी आत जाऊन चहा टाकला, कारण माझंही काही खरं नव्हतं.

बाहेर आले तर दोघं रिमोटवरून भांडत होती. ते म्हणत होते, शेवटची चढाई नंतर, आधी मागची पकड तुला दाखवतो, तू कुठं चुकलीस बघ. ती म्हणत होती, मी चुकलेच नाही. सामना मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. आकारामभाऊंचे पेढे मधे उघडे पडले होते आणि दोघंही न बघता खात होते.

त्या शेवटच्या चढाईत काय झालं, ढाल कुणी नेली, ते मला ठाऊक आहे, आणि मी सांगितलंच आहे, माझ्या तोंडून गुपित फुटत नाही. तुम्हीही मघापासून तेच विचारताय.